अर्जातला ‘मी’ आणि मालकाची गरज

नोकरीच्या अर्जासोबत जे पत्र जाते, त्याच्या पहिल्या खर्ड्यात बहुतेक वाक्ये ‘मी’ने सुरू होतात. मी अमुक शिकलो, मला तमुक येते, माझी अशी इच्छा आहे. ते स्वाभाविकच आहे, कारण पत्र लिहिणाऱ्याला स्वतःबद्दलच सांगायचे असते. वाचणारा मात्र वेगळ्या कारणाने वाचत असतो. त्याच्याकडे एखादे काम अडलेले असते आणि ते कोण सोडवील हे त्याला पाहायचे असते. इंग्रजी व्यवसायपत्रांच्या पाठ्यपुस्तकांत या दुसऱ्या बाजूने लिहिण्याला ‘यू ॲटिट्यूड’ म्हणतात आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना तो शब्द पहिल्या-दुसऱ्या वर्षालाच भेटतो. शब्द पाठ होतो, पण पत्र लिहायला बसल्यावर तो कसा वापरायचा हे कळत नाही. खर्डा तपासण्याची एक साधी रीत त्यासाठी उपयोगी पडते.

खर्डा कागदावर छापून घ्यावा किंवा हाताने उतरवून काढावा आणि प्रत्येक वाक्याच्या पहिल्या शब्दाभोवती पेनाने गोल करावा. मग फक्त ते गोल वाचत जावे. स्क्रीनवर हे नीट होत नाही, कारण डोळा लगेच मजकुरात शिरतो आणि स्वतःचे वाक्य स्वतःला नेहमीच बरे वाटते. गोलांत मी, मला, माझे, माझ्या, मजकडे असे शब्द किती आहेत ते मोजावे. कितीपर्यंत चालेल याचा पक्का आकडा कोणीही देऊ शकणार नाही. ढोबळ मानाने, निम्म्याहून जास्त वाक्ये अशी निघाली किंवा लागोपाठ तीन वाक्ये एकाच शब्दाने सुरू झाली, तर पत्राकडे पुन्हा पाहण्याची वेळ आली असे समजावे.

उदाहरण म्हणून एक जाहिरात आणि तिला आलेला एक अर्ज घेता येईल. दोन्ही नमुन्यादाखल रचलेले आहेत, पण कोल्हापूर जिल्ह्यात असे रोज घडते. जाहिरात अशी: ‘शिरोली एमआयडीसीतील मशीन शॉपसाठी अकाउंट्स असिस्टंट पाहिजे. कामे: टॅलीत रोजच्या नोंदी, खरेदी बिलांची जीएसटी पोर्टलशी जुळवणी, जॉब वर्क चलनांचा हिशेब, येणे रकमेचा पाठपुरावा. किमान २ वर्षांचा अनुभव.’ अर्ज करणारी तरुणी हातकणंगल्याची आहे आणि इचलकरंजीत एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीत नोकरी करते. तिचा पहिला खर्डा:

‘मी आपल्या कंपनीतील अकाउंट्स असिस्टंट या पदासाठी अर्ज करत आहे. मी बी.कॉम. पदवी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले आहे. मला टॅली आणि एक्सेलचे चांगले ज्ञान आहे. मी गेली अडीच वर्षे इचलकरंजीतील एका सूत व्यापाऱ्याकडे काम करत आहे. तेथे मी जीएसटीची सर्व कामे पाहते. मी मेहनती, प्रामाणिक आणि वक्तशीर आहे. माझी नवीन गोष्टी शिकण्याची तयारी आहे. आपल्या नामांकित कंपनीत काम करण्याची मला मनापासून इच्छा आहे. माझ्या करिअरच्या प्रगतीसाठी ही संधी महत्त्वाची ठरेल. मला संधी दिल्यास मी तिचे सोने करीन.’

दहा वाक्यांपैकी आठ ‘मी’, ‘मला’, ‘माझी’, ‘माझ्या’ यांनी सुरू होतात. उरलेल्या दोनांतही पुढे ‘मी’ आणि ‘मला’ आहेतच. कंपनीचा उल्लेख दोनदा येतो, पण एकदा अर्जाचा पत्ता म्हणून आणि एकदा ‘नामांकित’ या विशेषणासह. ती काय बनवते आणि तिथे काय काम असते, याबद्दल एक अक्षर नाही. हेच पत्र सांगलीच्या दवाखान्याला किंवा पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकाला नुसते नाव बदलून पाठवता येईल, आणि बहुधा पाठवलेही जाते.

इथे मराठीची एक खास अडचण आहे. इंग्रजीत क्रियापदाला कर्ता लागतोच, म्हणून ‘आय’ लपत नाही. मोजला की सापडतो. मराठीत क्रियापदाच्या रूपातच बोलणारा असतो, त्यामुळे ‘मी’ गाळला तरी वाक्य उभे राहते. साहजिकच गोल करून झाले की पहिला मोह ‘मी’ खोडण्याचा होतो. मग खर्डा असा होतो: ‘आपल्या कंपनीतील अकाउंट्स असिस्टंट या पदासाठी अर्ज करत आहे. बी.कॉम. पदवी प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले आहे. टॅली आणि एक्सेलचे चांगले ज्ञान आहे.’ गोल केलेल्या शब्दांत आता एकही ‘मी’ नाही. पत्र मात्र जिथल्या तिथे आहे. कारखान्याला काय हवे याचा त्यात आधीही पत्ता नव्हता, आताही नाही.

शिवाय या खोडाखोडीत एक वेगळे नुकसान होऊ शकते. भूतकाळातले सकर्मक क्रियापद मराठीत कर्मानुसार चालते. ‘मी हिशेब ठेवला’, ‘मी बिले जुळवली’ यांतून ‘मी’ काढला की ‘हिशेब ठेवला’, ‘बिले जुळवली’ एवढेच उरते, आणि ते कोणी केले हे कुठेच कळत नाही. पेढीत तीन माणसे असतील तर कारखान्याच्या मालकाला हाच प्रश्न पडणार. ‘कामे पार पाडण्यात आली’ ही सरकारी धाटणी तर याहून वाईट, कारण तिच्यात जबाबदारी मुद्दाम झटकल्यासारखी दिसते. म्हणून केलेल्या कामाच्या वाक्यांत ‘मी’ असू द्यावा. तो वाक्याच्या सुरुवातीला आला तरी बिघडत नाही.

‘मी’ची संख्या आणि पत्राचा रोख या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे दाखवणारे एक जुने पत्र प्रसिद्ध आहे. लिओनार्दो दा विंचीने सुमारे १४८२ मध्ये मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुदोविको स्फोर्झाला नोकरीसाठी लिहिलेल्या पत्राचा मसुदा ‘कोडेक्स ॲटलांटिकस’ या त्याच्या कागदपत्रांच्या संग्रहात आहे. त्यात दहा मुद्दे आहेत, आणि त्यांपैकी बरेच ‘माझ्याकडे अमुक युक्ती आहे’, ‘मी तमुक बनवीन’ अशाच धाटणीचे आहेत. गोल करायला बसले तर पत्र नापास होईल. पण मुद्दे कोणते आहेत ते पाहावे: उचलून नेता येतील असे हलके पूल, वेढा घातलेल्या किल्ल्याच्या खंदकातले पाणी काढण्याची रीत, तोफा, भुयारे, झाकलेले रणगाडे. मिलान त्या काळात फेराराच्या युद्धात व्हेनिसविरुद्ध उतरले होते. शांततेच्या काळातली कामे, म्हणजे इमारती आणि पाण्याचे पाट, दहाव्या मुद्द्यात येतात, आणि ज्यासाठी जग आज त्याला ओळखते ती चित्रकला अगदी शेवटी, जाता जाता. त्यानंतर तो ब्राँझच्या घोड्याचा उल्लेख करतो, कारण स्फोर्झा घराण्याला लुदोविकोच्या वडिलांचे अश्वारूढ स्मारक उभे करायचे होते. लिहिणाऱ्याने स्वतःला सर्वांत प्रिय काय होते हे बाजूला ठेवले आणि वाचणाऱ्याच्या गरजांचा क्रम उचलला.

म्हणून गोल मोजून झाल्यावर दुसरी फेरी करावी लागते, आणि खरे काम या फेरीत होते. प्रत्येक वाक्यासमोर समासात एक अक्षर लिहावे. वाक्य फक्त अर्जदाराबद्दल असेल तर ‘अ’. त्यात कारखान्याच्या एखाद्या कामाचा धागा असेल तर ‘क’. ठरवताना पहिल्या शब्दाकडे पाहू नये. हे वाक्य वाचून मालकाला त्याच्या कामाबद्दल काही कळते का, एवढाच प्रश्न विचारावा. वरच्या खर्ड्यात दहाही वाक्यांसमोर ‘अ’ येतो. ‘आपल्या नामांकित कंपनीत’ या वाक्यासमोर ‘क’ लिहिण्याचा मोह होईल, पण स्तुती म्हणजे गरज नव्हे. ज्याची चलने वर्षभर उघडी पडली आहेत, त्याला आपण नामांकित आहोत हे वाचून काही मिळत नाही. ‘तेथे मी जीएसटीची सर्व कामे पाहते’ हे वाक्य ‘क’च्या जवळ येते, पण ‘सर्व’ या शब्दाने ते वाया गेले आहे. सर्व म्हणजे कोणती, हे कळल्याशिवाय ते मालकाच्या कामाला जोडता येत नाही.

‘क’ची वाक्ये आणायची तर आधी गरज ओळखावी लागते, आणि तिचा बराचसा भाग जाहिरातीतच असतो. कामांची यादी वाचून थांबू नये. प्रत्येक काम कारखान्याला का लागते आणि ते चुकले तर काय होते, हे शोधावे. ज्याने तशाच प्रकारचे काम केले आहे, त्याला ते अर्ध्या तासात कागदावर मांडता येते.

खरेदी बिलांची जुळवणी घेऊ. कारखान्याने माल घेताना भरलेला जीएसटी त्याला आपल्या देण्यातून वजा करून मिळतो. पण पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणपत्रात दाखवलेले असले पाहिजे. दरमहा विवरण भरणाऱ्या पुरवठादाराची त्यासाठीची मुदत पुढच्या महिन्याच्या ११ तारखेची असते. १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी हा तक्ता तयार होतो आणि कारखान्याला २० तारखेपर्यंत आपला कर भरायचा असतो. पुरवठादाराने ११ तारीख चुकवली की ते बिल तक्त्यात येत नाही आणि तेवढी रक्कम त्या महिन्यात खिशातून जाते. लहान कारखान्याला एखाद्या मोठ्या पोलाद खरेदीत हा फटका चांगलाच जाणवतो. म्हणजे ‘जुळवणी’ या शब्दामागे मालकाची खरी गरज अशी आहे की कोणीतरी ११ तारखेच्या आधी पुरवठादारांना फोन करावा. जाहिरातीत हे लिहिलेले नसते.

जॉब वर्क चलनांचा हिशेब त्याहून नाजूक आहे. मशीन शॉपमध्ये सगळी कामे एका छपराखाली होत नाहीत. फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर कातकाम इथे होते, पण हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग किंवा प्लेटिंगसाठी माल बाहेरच्या शेडवर जातो. तो बिलावर नाही, चलनावर जातो, कारण माल विकलेला नसतो. जीएसटी कायद्यानुसार असा कच्चा माल एका वर्षाच्या आत परत आला पाहिजे किंवा तिथूनच पुढे विकला गेला पाहिजे. तसे झाले नाही तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असे धरले जाते आणि त्यावर कर व व्याज लागते. या मालाचे विवरण आयटीसी-०४ या नमुन्यात द्यावे लागते: वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांच्या वर असेल तर सहा महिन्यांनी, नाहीतर वर्षातून एकदा. प्रत्यक्षात घोटाळा होतो तो अर्धवट परतीत. २०० नग गेले, १५० आले, ४० नंतर आले, ६ खराब निघाले, आणि उरलेल्या ४ नगांचे चलन कुणाच्याच लक्षात राहत नाही.

आता अर्जदाराच्या पहिल्या खर्ड्याकडे पुन्हा पाहावे. ती सूत व्यापाऱ्याकडे काम करते. इचलकरंजीत सूत व्यापारी स्वतःचे सूत यंत्रमागधारकांना मजुरीवर विणायला देतो. अशा मागधारकांना तिथे खर्चीवाले म्हणतात. सूत चलनावर जाते, कापड होऊन येते, मधे घट धरली जाते आणि वर्षअखेरीला आयटीसी-०४ भरावा लागतो. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने शिरोलीच्या मशीन शॉपमध्ये जे काम आहे, नेमके तेच काम ती अडीच वर्षे करते आहे. तिची सर्वांत मोठी पात्रता हीच, आणि दहा वाक्यांच्या पत्रात तिचा उल्लेखसुद्धा नाही. ‘जीएसटीची सर्व कामे’ या तीन शब्दांखाली ती गाडली गेली आहे. ‘मी’ मोजण्याचा खरा उपयोग असा असतो. ज्या वाक्यांत स्वतःबद्दलची विशेषणे खच्चून भरलेली असतात, त्यांच्या आसपास एखादे प्रत्यक्ष काम सांगायचे राहून गेलेले असते. ते शोधून काढायचे.

शोधण्याची सोपी पद्धत म्हणजे कागदाचे दोन उभे भाग करणे. डावीकडे जाहिरातीतली कामे मालकाच्या क्रमाने लिहावीत. उजवीकडे प्रत्येक कामासमोर स्वतः केलेले सर्वांत जवळचे काम लिहावे, वस्तूंच्या नावांसह. ‘अनुभव आहे’ हे शब्द उजव्या बाजूला चालणार नाहीत. तिथे चलन, तक्ता, तारीख, फोन असेच शब्द यावेत. एखाद्या कामासमोर जागा रिकामी राहिली तर ती रिकामीच ठेवावी. दुसऱ्या खर्ड्यात तिचाही उपयोग होतो. या अर्जदाराच्या बाबतीत टॅलीच्या नोंदी, जुळवणी आणि चलने या तीन ओळी भरतात. वसुलीची ओळ जवळजवळ रिकामी राहते. त्यावरून तयार झालेला खर्डा असा:

‘शिरोलीतील आपल्या मशीन शॉपसाठी अकाउंट्स असिस्टंट पाहिजे, ही जाहिरात वाचून हा अर्ज पाठवत आहे. जाहिरातीतल्या चार कामांपैकी जॉब वर्क चलनांचा हिशेब आणि खरेदी बिलांची जुळवणी ही दोन कामे माझ्या सध्याच्या नोकरीत नेहमीची आहेत.

मी गेली अडीच वर्षे इचलकरंजीतील एका सूत व्यापाऱ्याच्या पेढीत टॅलीवर हिशेब पाहते. पेढीचे सूत सुमारे ४० खर्चीवाल्यांकडे विणायला जाते आणि कापड होऊन परत येते. कोणाकडे किती किलो सूत गेले, किती मीटर कापड आले, घट किती धरली आणि कोणते चलन अजून उघडे आहे, याचा तक्ता मी एक्सेलमध्ये ठेवते. आयटीसी-०४ त्यावरूनच भरला जातो. आपल्याकडे सुताच्या जागी कास्टिंग आणि मीटरच्या जागी नग असतील, पण उघड्या चलनांवर लक्ष ठेवण्याची पद्धत तीच राहील.

खरेदीच्या बाजूने, ज्या पुरवठादारांची बिले पोर्टलवर उशिरा दिसतात त्यांना दर महिन्याच्या ११ तारखेच्या आत फोन करण्याचे काम माझ्याकडे आहे. १४ तारखेला जीएसटीआर-२बी आला की राहिलेल्या बिलांची यादी मालकांना देते.

येणे रकमेच्या पाठपुराव्याचा अनुभव मला कमी आहे. पेढीत ते काम मालक स्वतः करतात. टॅलीतून मुदत उलटलेल्या बिलांची यादी काढून देणे एवढे मी करते.

सध्याच्या ठिकाणी एक महिन्याची नोटीस द्यावी लागेल. हातकणंगल्याहून शिरोलीला रोज येणे-जाणे करता येईल.’

चौदा वाक्यांत ‘मी’ने सुरू होणारे एकच वाक्य आहे. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘मी’ आणि त्याची रूपे पहिल्या खर्ड्यात अकरा वेळा होती, ती इथे सहा वेळा आहेत आणि प्रत्येक ठिकाणी त्यांना काहीतरी काम आहे. एक ‘मी’ सांगतो की तक्ता दुसऱ्या कोणी नव्हे, हिने ठेवला. एक ‘मला’ उणीव कबूल करतो. ‘मेहनती, प्रामाणिक आणि वक्तशीर’ हे वाक्य गेले, कारण ते वाचून मालकाला काहीच तपासता येत नव्हते. ‘११ तारखेच्या आत फोन’ या शब्दांत वक्तशीरपणा न सांगता येतो आणि तो मुलाखतीत विचारूनही पाहता येतो. ‘करिअरच्या प्रगतीसाठी’ हे वाक्यही गेले. ते खोटे नाही, फक्त ते अर्जदाराच्या घरी सांगण्यासारखे आहे; कारखान्याने पगार द्यावा यासाठी ते कारण होत नाही. पदवीचा उल्लेख पत्रातून काढला आहे, कारण सोबतच्या बायोडेटात तो पहिल्याच ओळीत आहे. जाहिरातीत पदवीची अट घातली असती तर तो पत्रातही ठेवावा लागला असता.

वसुलीबद्दलची वाक्ये अनेकांना खटकतील. स्वतःची उणीव स्वतःच का सांगायची? कारण मालकाने चार कामे लिहिली होती आणि तो चारही शोधणार आहे. तीनच सापडली तर चौथ्याबद्दल तो स्वतःचा अंदाज बांधतो, आणि अंदाज सहसा अर्जदाराच्या बाजूने जात नाही. ‘हे कमी आहे, पण त्यातला एवढा भाग करते’ असे म्हटल्यावर त्याला ठरवणे सोपे जाते. मालक वसुली स्वतः करत असेल तर ही उणीव त्याच्या दृष्टीने उणीवच नसेल.

रोख मालकाकडे वळवताना काही जण दुसऱ्या टोकाला जातात. ‘आपल्या कंपनीला जॉब वर्कच्या हिशेबात अडचणी येत असतील’ किंवा ‘आपली जीएसटी जुळवणी वेळेवर होत नसेल’ अशी वाक्ये मग येतात. जाहिरातीत फक्त काम लिहिलेले आहे, अडचण लिहिलेली नाही. ज्याचे काम व्यवस्थित चालू आहे आणि फक्त जुना माणूस निवृत्त झाला म्हणून जागा भरायची आहे, त्याला हे वाक्य टोचेल. गरज ओळखावी, पण ती त्याच्या तोंडावर निदान म्हणून मांडू नये. वरच्या खर्ड्यात ‘सुताच्या जागी कास्टिंग असतील’ एवढाच अंदाज केला आहे, कारण मशीन शॉपमध्ये तो चुकण्याची शक्यता फार थोडी आहे.

तपशील देताना एक मर्यादा पाळावी लागते. सध्याच्या मालकाकडचे खर्चीवाल्यांची नावे, मजुरीचे दर, पुरवठादारांच्या किमती असे काहीही पत्रात येता कामा नये. ‘सुमारे ४०’ हा आकडा कामाचा आवाका सांगतो आणि कोणाचे गुपित फोडत नाही. आज जो दुसऱ्याचे दर पत्रात लिहितो तो उद्या आपलेही लिहील, हे नवा मालक लगेच ताडतो.

प्रत्येक अर्जाला ही रीत लागू पडत नाही. शासकीय पदांचे अर्ज ठरलेल्या नमुन्यात आणि बहुतेक ऑनलाइनच भरायचे असतात. तिथे रोख वळवायला जागाच नसते, आणि स्वयंघोषणापत्रात ‘मी’ असलाच पाहिजे, कारण ती कायदेशीर जबाबदारीची कबुली असते. वृत्तपत्रात नुसता बॉक्स नंबर देऊन जाहिरात आली असेल तर मालक कोण आणि काय बनवतो हेच कळत नाही. अशा वेळी जाहिरातीतल्या कामांच्या क्रमापलीकडे जाऊ नये आणि मालाबद्दल अंदाज बांधू नये. नुकतीच पदवी घेतलेल्याकडे उजव्या रकान्यात लिहायला नोकरीतले काम नसते, पण वडिलांच्या दुकानाची खरेदी बिले वर्षभर त्याने जुळवली असतील तर तीही नोंद खरीच आहे, फक्त ती कुठली हे स्पष्ट लिहावे.

पत्र इंग्रजीत लिहायचे असेल तर ‘आय’ पूर्ण टाळणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणारे काही जण ‘मी’ गाळण्याची सवय तिकडेही नेतात आणि ‘हॅव एक्स्पीरियन्स इन टॅली’ अशी कर्त्याविना वाक्ये पत्रात येतात. बायोडेटात ती चालतात, पत्रात अपुरी दिसतात. काही जण मग प्रत्येक वाक्य ‘हॅविंग वर्क्ड’ किंवा ‘बीइंग अ कॉमर्स ग्रॅज्युएट’ने सुरू करतात. पहिला शब्द बदलतो, पण पुढच्या स्वल्पविरामानंतर ‘आय’ येतोच आणि वाक्य लांबते. तिथे काम हाच वाक्याचा कर्ता करणे बरे: सूत चाळीस ठिकाणी जाते, तक्ता अमुक दाखवतो, यादी १४ तारखेला तयार होते. तीन अशा वाक्यांनंतर आलेला एक ‘आय’ कोणाला खटकत नाही.

दुसरा खर्डा तयार झाल्यावर शेवटची तपासणी वेगळ्या बाजूने करावी. समासातल्या प्रत्येक ‘क’समोर, मालक मुलाखतीत त्यावर कोणता प्रश्न विचारील ते लिहावे. या पत्रावर तो बहुधा विचारील: घट कशी ठरवता? कापड कमी आले तर चलन कसे बंद करता? वर्ष उलटत आलेले चलन आधी कसे कळते? पुरवठादाराने फोन उचललाच नाही तर काय करता? ज्या प्रश्नाला नेमके उत्तर देता येत नाही, त्याचे वाक्य पत्रात जास्त बोलून गेले आहे असे समजावे आणि उत्तर देता येईल तिथवर ते खाली आणावे. ‘आयटीसी-०४ त्यावरूनच भरला जातो’ हे वाक्य याच तपासणीतून ‘मी आयटीसी-०४ भरते’ या जागी आले आहे, कारण पेढीत तो नमुना तिच्या तक्त्यावरून सनदी लेखापालाच्या कार्यालयातला माणूस भरतो.